काट्यावर 124, वजन मात्र 62

शेन्झेनला कामानिमित्त गेलेलं कुणीतरी परतताना स्मार्ट वजनकाटा घेऊन येतं, किंवा ऑनलाइन स्वस्तात मागवलेल्या खोक्यातून चिनी बाजारासाठी बनवलेलं मॉडेल निघतं. काचेचा चौकोन, त्यावर धातूच्या चार चकत्या आणि सोबतीला फोनवर उतरवायचं एक ॲप. ॲप उघडलं की पहिल्या पानापासून शेवटच्या बटणापर्यंत सगळं चिनी. मग ‘भाषा बदलली की झालं’ असं म्हणून घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी कामाला लागते.

भाषा बदलण्याचा प्रयत्न जरूर करावा. नव्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये आणि आयफोनमध्येही प्रत्येक ॲपची भाषा वेगळी निवडता येते. ॲपमध्ये इंग्रजी भरलेलं असेल तर ते लगेच इंग्रजीत उघडतं. मात्र केवळ चीनमधल्या ग्राहकांसाठी काढलेल्या ॲपमध्ये बऱ्याचदा इंग्रजी नसतंच. तिथेही घाबरण्यासारखं काही नाही, कारण रोजच्या वापराला आठ-दहा चिन्हं ओळखता आली की पुरतं. जास्त लक्ष आकड्यांकडे द्यायला हवं. न कळणारी भाषा निदान डोळ्यांना खुपते, पण चुकीचा आकडा अगदी ओळखीचा दिसतो आणि महिनोन् महिने तसाच साठत राहतो.

पहिला प्रश्न एककाचा. काट्यावर उभं राहिल्यावर 62 किलोच्या बाईंना 124 दिसतं. चीनमध्ये रोजच्या व्यवहारात वजन ‘जिन’मध्ये सांगतात. भाजी जिनमध्ये आणि माणसाचं वजनही जिनमध्ये. एक जिन म्हणजे बरोबर अर्धा किलो. त्यामुळे चिनी बाजारातले काटे अनेकदा जिनवर लावलेले असतात. आकडा दुप्पट दिसला की निदान शंका तरी येते. पण 124 बघून बऱ्याच जणांना ते पौंड वाटतात, आणि मग 2.2ने भागून आपलं वजन 56 किलो असल्याचा आनंद होतो. सहा किलो असे नुसत्या भागाकारात नाहीसे होतात!

काटा कोणत्या एककावर आहे हे ठरवायला भाषेची गरजच नाही. घरात 10 किलोची आट्याची न फोडलेली पिशवी असेल तर आधी रिकाम्या हाताने उभं राहा, आकडा लिहून ठेवा, मग पिशवी छातीशी धरून उभं राहा. फरक 10 आला तर काटा किलोवर आहे, 20 आला तर जिनवर आणि 22 आला तर पौंडावर. पिशवी नुसती काट्यावर ठेवण्यापेक्षा हातात धरलेली बरी, कारण हलक्या वजनाला हे काटे नीट जागे होत नाहीत.

एकक बदलण्यासाठी ॲपच्या तळाच्या पट्टीतलं सगळ्यात उजवीकडचं चित्र दाबायचं. त्याखाली बहुधा 我的 असं लिहिलेलं असतं, म्हणजे ‘माझं’. आत 设置 म्हणजे सेटिंग, आणि त्यात 单位 म्हणजे एकक. इथे तीन पर्याय दिसतात: 公斤, 斤 आणि 磅. पहिला किलो, दुसरा जिन, तिसरा पौंड. फसगत पहिल्या दोनांत होते, कारण किलोच्या शब्दातलं दुसरं चिन्ह म्हणजेच जिन. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे: दोन चिन्हं असतील तर किलो, त्यातलं शेवटचं एकटं असेल तर जिन. काही ॲपमध्ये किलोसाठी 千克 लिहितात, तेही दोन चिन्हांचंच.

एवढं करूनही काट्याच्या काचेवर जुनाच आकडा उमटला तर काटा बिघडलेला नसतो. एकक काट्याच्या स्वतःच्या स्मृतीत असतं आणि ॲपने केलेला बदल ब्लूटूथवरून तिथे पोहोचावा लागतो. काटा झोपलेला असेल तर तो पोहोचत नाही. ॲप उघडं ठेवून काट्यावर पाय द्यायचा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि उतरून पुन्हा एकदा उभं राहायचं. बऱ्याच काट्यांना पाठीमागे किंवा बॅटरीच्या झाकणाआत UNIT लिहिलेलं बारीक बटण असतं. ते असेल तर ॲपच्या वाटेला न जाताही काम होतं.

दुसरा मुद्दा प्रोफाइलचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. काटा फक्त दोन गोष्टी मोजतो: वजन आणि विजेला होणारा अडथळा. धातूच्या चकत्यांतून अगदी सौम्य प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो. स्नायूंत पाणी भरपूर असल्याने त्यातून तो सहज वाहतो, चरबीत अडतो. चरबी, स्नायू, हाडं, पाणी अशी जी लांबलचक यादी पडद्यावर येते ती उंची, वय आणि लिंग घालून सूत्राने काढलेली असते. ही माहिती देणारं प्रोफाइल चुकलं की यादीतला वजनाखेरीज प्रत्येक आकडा चुकतो, आणि तरीही तो दशांशासकट मोठ्या आत्मविश्वासाने उमटतो.

प्रोफाइल बनवताना ॲप 性别 विचारतं, म्हणजे लिंग. 男 पुरुष, 女 स्त्री. मग 生日 म्हणजे जन्मतारीख आणि 身高 म्हणजे उंची, ती सेंटिमीटरमध्ये. उंचीसाठी फिरवायचं चाक येतं आणि ते आधीच मधल्या कुठल्यातरी आकड्यावर, समजा 170वर, उभं असतं. वाचता येत नाही म्हणून माणूस खालचं ठळक बटण दाबून पुढे जातो आणि 170 कायमचं नोंदलं जातं.

आता वरच्याच 62 किलोच्या बाई घ्या. वय 54, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे साधारण 155 सेंटिमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. 1.55च्या वर्गाने भागल्यावर तो 25.8 येतो. चाक 170वर राहिलं असेल तर हाच बीएमआय 21.5 दिसतो आणि पडद्यावर हिरवा रंग येतो. आपली उंची फूट-इंचांत सांगायची आपल्याला सवय, म्हणून फूट गुणिले 30.5 अधिक इंच गुणिले 2.54 हा हिशेब कागदावर करून मगच चाक फिरवावं.

त्या रंगांबद्दलही एक गोष्ट माहीत असायला हवी. चीनमध्ये बीएमआय 24 झाला की जास्त वजन आणि 28ला स्थूलता धरतात. भारतीय डॉक्टरांनी आपल्या लोकांसाठी मान्य केलेल्या सीमा 23 आणि 25 अशा आहेत, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठून मधुमेहाचा धोका वाढतो. 23.5 बीएमआयच्या माणसाला चिनी निकषांवर चालणारं ॲप हिरव्या पट्टीत ठेवतं, इथला डॉक्टर मात्र जेवणाकडे बघायला सांगतो. ॲपची भाषा इंग्रजी केली म्हणून या सीमा आपोआप भारतीय होतील असं नाही. म्हणून रंगावर विसंबण्यापेक्षा आकडा पाहावा आणि तो 23च्या कोणत्या बाजूला आहे ते बघावं.

तिसरी गोष्ट नोंदींचा इतिहास, ॲपच्या भाषेत 历史记录. एकाच काट्यावर घरातले चारजण उभे राहतात. कोण उभं आहे हे काट्याला दिसत नाही, म्हणून तो ज्याचं मागचं वजन सगळ्यात जवळ असेल त्याच्या खात्यात नोंद टाकतो. वडील 81 आणि मुलगा 66 असेल तर हे छान चालतं. आपल्या उदाहरणातल्या बाईंची मुलगी मात्र 22 वर्षांची, 165 सेंटिमीटर उंच आणि 60.4 किलोची आहे. आईला आठवडाभर ताप येतो, वजन 60.9वर उतरतं आणि त्या दिवशीची नोंद मुलीच्या नावावर जाते. आईच्या आलेखात तो आठवडा कोराच राहतो. जे वजन तिच्या उंचीला 25.3 बीएमआय दाखवायला हवं होतं, ते मुलीच्या उंचीने 22.4 होऊन बसतं.

ही चूक वजनाच्या रेघेवर पकडता येत नाही, कारण अर्धा किलो इकडेतिकडे होतोच. ती चरबीच्या टक्केवारीत दिसते. 体脂率 या चिन्हांखालचा आकडा रात्रीत चार-पाच टक्क्यांनी उडाला आणि दुसऱ्या दिवशी जागेवर आला, तर मधली नोंद बहुधा दुसऱ्या कुणाची असते. पाणी कमी प्यायल्याने किंवा नुकतीच अंघोळ केल्यानेही हा आकडा हलतो, म्हणून सकाळी उठून, शौचाला जाऊन, काही खाण्याआधी, कोरड्या अनवाणी पायांनी मोजण्याची सवय ठेवली की खरी चूक वेगळी ओळखू येते.

परकी नोंद काढण्यासाठी त्या ओळीवर बोट दाबून धरायचं किंवा ती डावीकडे सरकवायची. 删除 म्हणजे काढून टाका. त्यानंतर येणाऱ्या छोट्या चौकटीत 取消 म्हणजे रद्द आणि 确定 म्हणजे नक्की. पिशवी धरून केलेली चाचणीही इतिहासात शिरलेली असू शकते, तीही काढावी. पाहुण्यांसाठी 访客 हा पर्याय असतो. त्यात मोजलेलं वजन कुणाच्याच खात्यात जात नाही. वजनं जवळजवळ सारखी असलेल्या दोघांनी काट्याच्या अंदाजावर न सोडता, ॲप उघडून आपलं नाव निवडून मगच उभं राहावं.

उंची मागाहून दुरुस्त केली तर जुन्या नोंदींचं काय होतं हे ॲपगणिक वेगळं असतं. काही ॲप सगळं पुन्हा मोजतात, काहींत त्या दिवशी काढलेला आकडा तसाच राहतो. महिन्यापूर्वीची एक नोंद उघडून तिथला बीएमआय बदलला का ते बघितलं की उत्तर मिळतं. बदलला नसेल तर तिथली चरबीही जुन्या उंचीचीच आहे. ती नव्या आकड्यांशी ताडून पाहू नये, फक्त वजन ताडावं.

ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी अशा काट्याचं चरबीमापन करू नये, आणि गरोदर स्त्रियांनीही ते टाळावं. नुसतं वजन दाखवण्याची सोय असेल तर ती वापरावी, नाहीतर साधा काटाच बरा.

हृदय अशक्त झालेल्या रुग्णांच्या घरी या सगळ्याची निकड वेगळीच असते. अंगात पाणी साठायला लागलं की सूज दिसण्याआधी वजन वाढतं, म्हणून त्यांना रोज सकाळी वजन करायला सांगतात. दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन-सव्वादोन किलो वाढ झाली तर डॉक्टरांना कळवायचं असतं. काटा जिनवर असेल तर एका किलोची वाढ पडद्यावर दोन दिसते आणि घरचे विनाकारण धावपळ करतात. नोंद दुसऱ्याच्या खात्यात गेली तर वाढ दिसतच नाही. अशा रुग्णाने काट्याच्या काचेवरचा आकडा तिथल्या तिथे तारखेसह, पुढे ‘किलो’ लिहून वहीत उतरवावा आणि तपासणीला जाताना ती वही सोबत न्यावी.