गोळ्या कधी संपणार आणि नव्या कधी आणायच्या?

फिट येण्याच्या त्रासावर रोज गोळी घेणाऱ्यांच्या घरात एक धास्ती कायम असते: गोळ्या मध्येच संपल्या तर? ही धास्ती खरी आहे. रक्तातलं औषध अचानक कमी झालं, तर महिनोन्‌महिने आटोक्यात असलेली फिट पुन्हा येऊ शकते. म्हणून डॉक्टर बजावून सांगतात, की ही गोळी मनाने बंद करायची नाही आणि चुकवायची नाही. तरीही गोळ्या संपतात, आणि बऱ्याचदा निष्काळजीपणामुळे नव्हे, तर हिशेबातल्या एका साध्या चुकीमुळे संपतात. आपण तारखा मोजतो, पण खर्च होतात त्या गोळ्या. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीत हा फरक नेमका अर्ध्या दिवसाचा पडतो.

आधी चिठ्ठी नीट वाचू. लेव्हेटिरासिटॅम ५०० मिलिग्रॅम, पुढे १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. दोन गोळ्यांत साधारण बारा तासांचं अंतर. रोज दोन गोळ्या, तीस दिवसांना साठ. पण काहींच्या चिठ्ठीवर १-०-२ असतं. तेही ‘दोन वेळा’च, फक्त रात्री दोन गोळ्या. तिथे रोज तीन लागतात आणि साठ गोळ्या वीस दिवसांतच संपतात. त्यामुळे दिवसातून किती वेळा, यापेक्षा दिवसाला एकूण किती गोळ्या, हा आकडा आधी काढायचा.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, डोंबिवलीतल्या एका मुलाला १-०-१ अशी गोळी सुरू झाली. आईने १८ ऑगस्ट २०२६ ला, मंगळवारी संध्याकाळी, पंधरा गोळ्यांच्या चार स्ट्रिप आणल्या. एकूण साठ गोळ्या. पहिली गोळी त्याच रात्री जेवणानंतर दिली. घरातल्या बहुतेकांचा हिशेब असा होतो: तीस दिवसांच्या गोळ्या आहेत, १८ ला सुरू केल्या, म्हणजे महिनाभर, १८ सप्टेंबरपर्यंत चिंता नाही.

गोळ्या मोजून पाहू. १८ ऑगस्टच्या रात्री एक गेली, उरल्या एकोणसाठ. १९ पासून रोज दोन. १९ ते ३१ ऑगस्ट हे तेरा दिवस, त्यांना सव्वीस. १ ते १६ सप्टेंबर हे सोळा दिवस, त्यांना बत्तीस. झाल्या अठ्ठावन्न. एकोणसाठावी गोळी १७ सप्टेंबरच्या सकाळची, आणि तीच शेवटची. त्या रात्री स्ट्रिप रिकामी. घरच्यांनी धरलेली १८ तारीख पूर्ण उजाडायच्या आधीच एक गोळी चुकलेली असते.

इथे दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, ऑगस्ट एकतीस दिवसांचा आहे; तीस दिवसांच्या गोळ्या एका तारखेपासून पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेपर्यंत पुरत नाहीत. वर्षभराचा हिशेब मांडला तर हे ठळक दिसतं. ३६५ दिवसांना ७३० गोळ्या लागतात, आणि दरमहा साठ आणल्या तर वर्षाला ७२० होतात. दहा गोळ्या, म्हणजे पाच दिवस, कमी. दुसरी गोष्ट, सुरुवात रात्री झाली. सकाळपासून सुरू केलेला साठा रात्री संपतो आणि रात्री सुरू केलेला सकाळी. म्हणून सुरुवातीची तारीख लिहिताना सकाळ की रात्र हेही लिहायचं. स्ट्रिपच्या मागे बॉलपेनने ‘१८ रात्र’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

आता यात सणाची भर घाला. १४ सप्टेंबरला, सोमवारी, गणेश चतुर्थी. घरचे शनिवारी १२ ला कोकणात निघणार आणि रविवारी २० च्या रात्री परतणार. गोळ्या १७ च्या सकाळी संपताहेत. १७ च्या रात्रीची एक, १८, १९ आणि २० च्या प्रत्येकी दोन, अशा सात गोळ्या कमी पडणार. गावात औषधाचं दुकान असतंच असं नाही. असलं तरी तिथे सर्दी-तापाच्या गोळ्या मिळतात, हे औषध याच ताकदीचं मिळेलच असं नाही.

म्हणून संपण्याची तारीख कळली की दुसरी तारीख लगेच काढायची, नव्या गोळ्या आणायची. ती संपण्याच्या दिवशी कधीच नसावी. अशा औषधाला मी सात दिवसांची शिल्लक हाताशी धरते. दुकानदाराकडे माल नसला, मागवायला दोन दिवस लागले, मध्ये रविवार आला किंवा डॉक्टर बाहेरगावी असले, तरी सात दिवसांत यातून वाट निघते. १७ मधून सात गेले, आली १० सप्टेंबर, गुरुवार. निघायच्या दोन दिवस आधी.

१० सप्टेंबरच्या सकाळी, गोळी देण्याआधी, डब्यात किती उरलेल्या असतील? १० ते १६ हे सात दिवस, चौदा गोळ्या, आणि १७ च्या सकाळची एक. पंधरा. म्हणजे त्या सकाळी न फोडलेली शेवटची स्ट्रिप हातात येते. यातून घरी कुणालाही पाळता येईल असा नियम निघतो: पंधराची शेवटची स्ट्रिप फोडायची वेळ आली, की त्याच दिवशी मेडिकलमध्ये जायचं. मात्र स्ट्रिप दहाची असेल तर शेवटच्या स्ट्रिपमध्ये फक्त पाच दिवस असतात. तिथे शेवटून दुसरी स्ट्रिप निम्मी झाली की निघायचं.

१० तारखेला आणखी साठ गोळ्या आणल्या, तर नवा साठा कधी संपेल? इथे पुष्कळ जण आणल्याच्या तारखेपासून मोजतात. ते चूक आहे, कारण जुन्या पंधरा अजून बाकी आहेत. आधीच्या संपण्याच्या तारखेत तीस दिवस मिळवायचे. १७ सप्टेंबरच्या सकाळनंतर तीस दिवस, म्हणजे १७ ऑक्टोबरची सकाळ. पुढची आणायची तारीख १० ऑक्टोबर. आणि जुनी स्ट्रिप संपल्याशिवाय नवी फोडायची नाही.

कागदावरचा हिशेब बरोबर असला तरी डब्यात काय चाललंय ते मधूनच तपासावं लागतं. त्यासाठी सोपी वेळ म्हणजे पहिल्या तारखेची सकाळ, गोळी देण्याआधी. उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि दोनने भागायचं. तितके पूर्ण दिवस आजपासून धरायचे, आजचा दिवस त्यातच. एक उरली तर ती पुढच्या सकाळची. आपल्या उदाहरणात ३१ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत सत्तावीस गोळ्या गेल्या. १ सप्टेंबरच्या सकाळी तेहतीस उरायला हव्यात: दोन पूर्ण स्ट्रिप आणि तिसरीत तीन. तेहतीस म्हणजे सोळा दिवस आणि एक. १ ते १६ सप्टेंबर आणि १७ ची सकाळ. जुळलं.

पण समजा पस्तीस निघाल्या. तर दोन गोळ्या घ्यायच्या राहिल्या आहेत. आईला वाटतं मुलाने घेतली, मुलाला वाटतं आईने दिली असती. एकतीस निघाल्या तर दोन गळून हरवल्या तरी, किंवा दोन रात्री दोघांनी वेगवेगळी देऊन दोनदा गेली तरी. मोजणी जुळली नाही हीच बातमी डॉक्टरांच्या कामाची असते. फिट येऊनही ‘गोळी वेळेवर चालू आहे’ असं सांगितलं, तर डॉक्टर डोस वाढवायचा विचार करतील. खरी अडचण चुकलेल्या गोळीची असेल. राहिलेली गोळी भरून काढायला पुढच्या वेळी दोन मात्र द्यायच्या नाहीत. ती आठवल्यावर घ्यायची की सोडायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

दुकानात होणारी चूक वेगळी. आपण ‘चार पाकिटं द्या’ म्हणतो. मागच्या वेळी पंधराची स्ट्रिप होती, या वेळी दुकानदाराकडे दहाची आहे. चारच पाकिटं मिळतात, पण गोळ्या चाळीस, म्हणजे वीस दिवस. म्हणून पाकिटं मागायची नाहीत, गोळ्या मागायच्या: ‘साठ गोळ्या द्या.’ काउंटरवरच स्ट्रिपवरच्या गोळ्या, नाव आणि मिलिग्रॅम पाहून घ्यायचं. ५०० ऐवजी २५० आली तर हिशेब आणि औषध दोन्ही निम्मे होतात. कंपनी बदलून देत असतील, तर फिटच्या औषधात आधी डॉक्टरांना विचारावं. स्ट्रिप कापून दिली, तर मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे आला का, हेही बघायचं.

ही सगळी मोजणी रोज चालणाऱ्या औषधाची. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकला नियम निराळा. सोमवारी रात्री सुरू झालेली, दिवसातून दोनदा घ्यायची गोळी, पाच दिवस म्हणजे दहा गोळ्या. शेवटची शनिवारी सकाळी. बोटांवर सोमवार ते शुक्रवार मोजून शुक्रवारी रात्री थांबलं तर एक गोळी राहते. उलट, सहाची स्ट्रिप असल्यामुळे दुकानातून बारा आल्या, तर उरलेल्या दोन संपवायच्या नाहीत. इथे कुठे थांबायचं ते चिठ्ठी ठरवते, स्ट्रिप नव्हे.

चिठ्ठीलाही शेवट असतो. दोन महिन्यांसाठी लिहून दिलेलं असेल, तर एकूण एकशे वीस गोळ्या. दुसऱ्यांदा साठ आणल्या की पुढची तारीख दुकानाची नसून डॉक्टरांची असते, आणि भेटीची वेळ त्याच दिवशी ठरवून ठेवायला हवी.

एवढं करूनही कधी परगावी गोळ्या कमी पडल्याच, तर एक गोष्ट कटाक्षाने टाळायची. चार उरल्यात म्हणून रोज एकच देत चार दिवस ओढायचे नाहीत. त्याने गोळी संपण्याची तारीख पुढे जाते, पण औषध पहिल्याच दिवसापासून अपुरं पडतं. ठरलेल्या वेळी ठरलेली गोळी द्यावी, रिकाम्या स्ट्रिपचा आणि चिठ्ठीचा फोटो डॉक्टरांना पाठवावा, आणि तालुक्याच्या गावातल्या मोठ्या मेडिकलमध्ये किंवा सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी चौकशी करावी. हातात चार गोळ्या आहेत म्हणजे शोधायला दोन दिवस आहेत.