पंधरा दिवसांची उधारी तीस कशी होते?

समजा, साताऱ्यातल्या एका किराणा दुकानात छोट्या कारखान्यातून मसाले येतात. महिन्याची खरेदी दोन लाखांवरून तीन लाखांवर गेली, उधारी मात्र पंधरा दिवसांचीच. माल विकायला पंचवीस दिवस लागतात, म्हणजे दहा दिवस दुकानदाराचा पैसा अडकतो.

पुरवठादाराला पत्र लिहिताना ही अडचण सांगून फारसं साधत नाही. त्याला हवा असतो हिशेब: गेल्या वर्षभराची खरेदी, बिलं वेळेवर चुकवल्याच्या तारखा आणि पुढच्या सहा महिन्यांची अंदाजे मागणी.

आता मागणीची किंमत पाहू. तीन लाखांवर पंधरा दिवस जास्त दिले, तर वार्षिक बारा टक्के व्याजाने पुरवठादाराला साधारण दीड हजार रुपये पडतात. सगळ्या खरेदीवर दोन टक्के सूट दिली, तर सहा हजार. म्हणून शहाणा दुकानदार सूट फक्त दोन लाखांपुढच्या खरेदीवर मागतो. मग ती दोन हजारांत बसते. पुरवठादार दोन्हींना राजी नसेल, तर आधी काय सोडायचं, हे मनाशी ठरलेलं बरं.

पत्राला लेखी होकार घ्यावाच. कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६च्या कायद्यानुसार लेखी कराराशिवाय पंधरा दिवसांतच पैसे द्यावे लागतात. करार असला, तरी कमाल मुदत पंचेचाळीस दिवस. त्यामुळे साठ दिवस मागणारं पत्र अशा कारखान्याकडे पाठवण्यात अर्थ नाही.