त्रिकोण टिकवणारा रेझिस्टर

पुस्तकातला इंटिग्रेटर दोनच भागांचा असतो. ऑप-अँपच्या उलट्या टोकाला एक रेझिस्टर आणि आउटपुटपासून त्याच टोकापर्यंत एक कपॅसिटर. इनपुटला स्थिर व्होल्टेज मिळालं की कपॅसिटर एकाच वेगाने भरत जातो आणि आउटपुट सरळ रेषेत चढतं किंवा उतरतं. म्हणून चौकोनी तरंग दिला की त्रिकोणी तरंग मिळायला हवा. ब्रेडबोर्डवर मात्र तो त्रिकोण पडद्यावर हळूहळू सरकत जातो आणि काही सेकंदांत वरच्या किंवा खालच्या टोकाला चिकटून सपाट होतो.

दोष जोडणीत नसतो. 741 घ्या. त्याची दोन्ही इनपुट जमिनीला जोडली तरी आत साधारण 2 मिलिव्होल्टचा फरक राहतोच. रेझिस्टर 10 किलोओहम आणि कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरड असेल, तर हा क्षुल्लक फरकही आउटपुटला सेकंदाला 2 व्होल्ट ढकलत राहतो. 15 व्होल्टच्या सप्लायवर आउटपुट जेमतेम 13 व्होल्टपर्यंत जातं, म्हणजे सहा-सात सेकंदांत खेळ संपला. सिग्नल जनरेटरमधूनच 50 मिलिव्होल्टचा डीसी येत असेल, तर जेमतेम पाव सेकंद लागतो.

उपाय म्हणजे कपॅसिटरला समांतर 100 किलोओहमचा रेझिस्टर. नळ बारीक गळत असला, तरी टाकीच्या तळाला छिद्र असेल तर पाणी एका पातळीवर थांबतं, तसंच इथे होतं. डीसीसाठी हे सर्किट आता दहापट वाढवणारं साधं अँप्लिफायर झालं. त्यामुळे 2 मिलिव्होल्टचे आउटपुटला सुमारे 22 मिलिव्होल्ट होतात आणि तिथेच राहतात.

याची किंमत चुकवावी लागतेच. 100 किलोओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड यांचा गुणाकार 10 मिलिसेकंद. त्याहून फार लवकर घडणाऱ्या गोष्टीच नीट इंटिग्रेट होतात. अधिक-उणे 1 व्होल्टचा, 1 किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग दिला तर अर्धा फेरा अर्ध्या मिलिसेकंदाचा. तेवढ्यात आउटपुट अर्धा व्होल्ट चालतं आणि बाजू सरळ दिसतात. इनपुट धन असताना ते उतरतं, ऋण असताना चढतं, आणि शिखरं बरोबर चौकोनाच्या कडांवर येतात.

वारंवारता 100 हर्ट्झवर आणा. त्रिकोण मोठा होतो, पण बाजूंना बाक येतो: सुरुवातीला उतार जास्त, शेवटी कमी. 10 हर्ट्झवर त्रिकोण उरतच नाही. आउटपुट 10 व्होल्टपर्यंत गोलाकार चढतं आणि सपाट होतं, म्हणजे खांदे घासलेला, उलटा चौकोन. हा बाकच खरी खूण आहे. दोन्ही बाजू सरळ असून त्रिकोण फक्त थोडा वर-खाली बसला असेल, तर तो डीसीचा परिणाम. बाजू वाकल्या असतील, तर वारंवारता कमी पडते आहे.

समांतर रेझिस्टर वाढवला तर बाक कमी होतो, पण डीसी जास्त वाढतो. म्हणून तो निवडताना आधी सर्वांत कमी वारंवारता ठरवा आणि त्याचा कपॅसिटरशी गुणाकार तिच्या अर्ध्या फेऱ्याच्या किमान दहापट ठेवा.