सहा जानेवारीची गर्दी

कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यवाहांकडे सभासदांची एक यादी असते. पूर्वी ती वहीत असे, आता बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये असते. नाव, पत्ता, फोन आणि जन्मतारीख असे तिचे रकाने. दर महिन्याच्या सभेत वाढदिवसांची नावं वाचायची असतात, पंचाहत्तरी गाठणाऱ्याला शाल-श्रीफळ द्यायचं असतं. त्यासाठी जन्मतारखेच्या रकान्यातून दोन आकडे काढावे लागतात: आज वय किती आणि पुढच्या वाढदिवसाला किती दिवस उरले.

संगणकाला तारीख ही तारीख म्हणून कळत नाही. आपल्याला पडद्यावर 01/06/1949 दिसतं, पण आत साठवलेली असते ती 18050 ही संख्या. एक्सेल 1 जानेवारी 1900 या दिवसाला 1 म्हणतं आणि तिथून पुढे दिवस मोजत जातं. त्या हिशेबाने 20 मे 2026 हा 46162वा दिवस. दोन्हींची वजाबाकी केली की 28112 दिवस मिळतात. इथवर सगळं सोपं आहे. दिवसांची वर्षं करायला गेलं की घोळ सुरू होतो.

पहिला मोह होतो 365 ने भागायचा. वर सांगितलेल्या सभासदाचा जन्म 1 जून 1949 चा, म्हणजे 20 मे 2026 रोजी त्यांची 76 वर्षं पूर्ण झालेली आहेत आणि सत्त्याहत्तरावं पूर्ण व्हायला 12 दिवस बाकी आहेत. पण 28112 ला 365 ने भागा, उत्तर 77 च्या वर जातं. एवढ्या वर्षांत 19 लीप दिवस येऊन गेले, तेवढे दिवस वय आधीच पुढे पळालं. मग कुणीतरी सुचवतं की 365.25 ने भागा. त्याने एरवी बरोबर उत्तर येतं, पण नेमका वाढदिवसाच्या दिवशी दगा बसू शकतो. 1 जून 2026 ला या सभासदाचे 28124 दिवस होतात, आणि 77 गुणिले 365.25 म्हणजे 28124.25. पाव दिवस कमी पडला, म्हणून ज्या दिवशी हार घालायचा त्याच दिवशी यादी 76 दाखवते. दुसऱ्या दिवशी आपोआप 77 होतं, त्यामुळे ही चूक सहसा कुणाला सापडतही नाही.

वय म्हणजे दिवसांचा भागाकार नव्हेच. जन्माची तारीख आणि महिना किती वेळा उलटून गेले, ही ती मोजणी आहे. त्यासाठी DATEDIF नावाचं फंक्शन आहे. लोटस 1-2-3 या जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी एक्सेलने ते ठेवलं, पण टाइप करायला लागल्यावर सुचवण्यांच्या यादीत ते येत नाही, त्यामुळे अनेकांना ते आहे हेच ठाऊक नसतं. पूर्ण टाइप केलं की मुकाट्याने चालतं.

समजा A मध्ये नाव आहे आणि B मध्ये जन्मतारीख. बाजूला H1 या एका घरात =TODAY() लिहा, म्हणजे आजची तारीख तिथे येईल. मग दुसऱ्या ओळीत C2, D2, E2 आणि F2 या घरांत अनुक्रमे ही चार सूत्रं टाका आणि खाली ओढा:

```
=DATEDIF(B2,$H$1,"Y")
=DATE(YEAR($H$1)+IF(DATE(YEAR($H$1),MONTH(B2),DAY(B2))<$H$1,1,0),MONTH(B2),DAY(B2))
=D2-$H$1
=YEAR(D2)-YEAR(B2)
```

पहिलं सूत्र पूर्ण झालेली वर्षं देतं. दुसरं जरा लांब आहे, पण त्याचं बोलणं साधं आहे: जन्माचा दिवस आणि महिना घे, त्याला चालू वर्ष लाव, ती तारीख उलटून गेली असेल तर वर्षात एक मिळव. हा झाला पुढचा वाढदिवस. तिसरं त्यातून आजची तारीख वजा करतं. चौथं सांगतं की या वाढदिवसाला कितवं वर्ष पूर्ण होणार. अमृतमहोत्सवाची नावं हवी असतील तर F मध्ये 75 शोधायचे. C मधले 75 शोधले तर ज्यांचा समारंभ होऊन गेला तेच सापडतील.

प्रत्येक सूत्रात TODAY() न घालता एकच घर वापरण्यामागे कारण आहे. H1 मध्ये आपण हवी ती तारीख टाकून सूत्रांची परीक्षा घेऊ शकतो. 20 मे 2026 टाकली की आपल्या सभासदासमोर 76 आणि 12 यायला हवेत. 1 जून टाकली की 77 आणि 0. 2 जून टाकली की 77 आणि 364. या तीन तारखा जमल्या की सूत्रांची फारशी काळजी नको. दुसऱ्या सूत्रातल्या < च्या जागी कुणी <= लिहिलं, तर वाढदिवसाच्या दिवशी शून्याऐवजी 365 येतात आणि ज्यांचं नाव सगळ्यांत वर हवं ते तळाला जातात. कधी E मध्ये 12 ऐवजी 1900 च्या जानेवारीतली एखादी तारीख उमटते. तेव्हा उत्तर बरोबरच असतं, फक्त त्या घराला संख्येचा फॉरमॅट द्यायचा राहिलेला असतो.

खरी डोकेदुखी सूत्रांत नसते, B च्या रकान्यात असते. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल, तर 1/6/1949 चा अर्थ तो 6 जानेवारी असा लावतो. 25/6/1949 मात्र त्याला पटत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. मग ती नोंद तो नुसता मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा उलट्या होतात आणि काही तारखाच राहत नाहीत. मजकूर झालेल्या नोंदी घराच्या डाव्या कडेला चिकटतात, खऱ्या तारखा उजवीकडे असतात. शंका वाटली तर बाजूला =ISNUMBER(B2) लिहून पाहावं; FALSE आलं की ती तारीख नाही. आणि सगळ्या खऱ्या तारखांत दिवस कधीच 12 च्या पुढे जात नसेल, तर उलटापालट झाली असं खुशाल समजावं.

महाराष्ट्रातल्या यादीत ही चूक ओळखायची आणखी एक खूण आहे. आपल्याकडे आजच्या ज्येष्ठांपैकी पुष्कळांची कागदावरची जन्मतारीख 1 जून आहे. घरी जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची, आणि नाव दाखल करताना गुरुजी वयात बसेल अशी 1 जून लिहून टाकायचे. त्यामुळे वाढदिवसांची यादी 1 जूनला फुगणं अगदी स्वाभाविक आहे. सरकारी नोकरीत महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून 31 मे रोजी कचेऱ्यांमध्ये एवढे निरोपसमारंभ होतात. तुमच्या यादीत ही गर्दी 1 जूनऐवजी 6 जानेवारीला दिसली, तर दिवस-महिन्याची अदलाबदल झाली हे नक्की. आपल्या सभासदाचंच पाहा: उलटलेल्या तारखेने 20 मे 2026 ला त्यांचं वय 77 येतं आणि वाढदिवसाला 231 दिवस उरतात. वयात फरक एकाच वर्षाचा, तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दिवसांचा रकाना मात्र लगेच बोलतो.

याच्या उलट प्रकार वर्ष दोन आकड्यांत लिहिल्यावर होतो. 1/6/28 लिहिलं की एक्सेल ते 2028 धरतं आणि C मध्ये #NUM! येतं, कारण अजून न जन्मलेल्याचं वय निघत नाही. कुठल्या आकड्यापर्यंत एकविसावं शतक धरायचं हे संगणकाच्या सेटिंगवर असतं, म्हणून दोन मशीनवर निकाल वेगळा येऊ शकतो. इथे गंमत अशी की दिवसांचा रकाना अगदी बरोबर राहतो, कारण त्याला जन्मवर्ष लागतच नाही. म्हणून फक्त वाढदिवसच हवे असतील तरी वयाचा रकाना काढून टाकू नये. एकाची चूक दुसरा दाखवतो. आणि कुणाचं वय 126 आलं तर तिथे जन्मतारीख भरायचीच राहिलीय. रिकामं घर म्हणजे शून्य, आणि शून्याची मोजणी सुरू होते 1900 च्या उंबरठ्यावरून.

उलटलेल्या तारखा दुरुस्त करायला बसण्यापेक्षा मूळ नोंदी पुन्हा आणाव्यात. आधी B रकान्याला टेक्स्ट फॉरमॅट द्यायचा, मग तारखा चिकटवायच्या आणि Data मधल्या Text to Columns मध्ये जाऊन तिसऱ्या पायरीवर Date: DMY निवडायचं. मग दिवस आधी आणि महिना नंतर, हे संगणकाला स्पष्ट कळतं.

राहता राहिले 29 फेब्रुवारीचे लोक. जन्म 29/2/1952 चा असेल, तर 2026 मध्ये ती तारीखच नाही. आपलं सूत्र अशा वेळी पुढे सरकून 1 मार्च धरतं, आणि DATEDIF सुद्धा 1 मार्चलाच वर्ष पूर्ण झालं म्हणतं. दोघांचं एकमत आहे, म्हणून ही जोडी बरी. काहीजण पुढचा वाढदिवस काढायला EDATE वापरतात. ते 28 फेब्रुवारीवर थांबतं. मग एक दिवस असा येतो की वाढदिवस आहे पण वय वाढलेलं नाही. 28 की 1 हे त्या माणसालाच विचारून ठरवावं, पण दोन सूत्रांनी दोन निर्णय घेऊ नयेत.

मोरारजी देसाई 29 फेब्रुवारी 1896 चे. 1900 हे लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे त्यांचा पहिला खरा वाढदिवस थेट 1904 मध्ये, आठ वर्षांनी आला. एक्सेलमध्ये त्यांची जन्मतारीख भरता येत नाही, कारण 1900 च्या आधीचं त्याला काहीच माहीत नाही. उलट 29 फेब्रुवारी 1900 हा कधीही न उगवलेला दिवस एक्सेल बिनदिक्कत स्वीकारतं. लोटसने 1900 ला लीप वर्ष मानलं होतं, आणि त्याच्या फायली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही जशीच्या तशी ठेवली. आजच्या सभासदांच्या वयावर तिचा काही परिणाम होत नाही. सगळेच त्या तारखेच्या पुढचे आहेत.

यादी सूचनाफलकावर लावायची असेल तर E चा रकाना छापू नये. कागदावर उतरलेले 12 दिवस उद्या 11 होत नाहीत. E प्रमाणे चढत्या क्रमाने यादी लावून घ्यावी, मग E लपवावा आणि नाव, D मधली तारीख, F मधलं वर्ष एवढंच छापावं. ज्यांची घरची तिथी वेगळी आहे त्यांच्यासाठी एक कोरा रकाना ठेवलेला बरा. तो पंचांग बघून हातानेच भरावा लागतो.