घसा सोलवटलेल्या बाळाला काय भरवायचं?

पावसाळ्यात बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. दीड-दोन वर्षांचं मूल, काल-परवा थोडा ताप होता, आज तळहातांवर आणि तळपायांवर लालसर पुरळ आलंय, काही ठिकाणी बारीक फोड दिसताहेत. आईवडील घाबरून हात दाखवतात, पाय दाखवतात, कुल्ल्यांवरचे ठिपके दाखवतात. हे सगळं दाखवून झाल्यावर, दारातून बाहेर पडता पडता सांगतात, ‘आणि डॉक्टर, कालपासून तोंडात काहीच घेत नाही हो. लाळ मात्र सारखी गळते.’

या आजारात खरी काळजी घ्यायची ती या शेवटच्या वाक्याची. डॉक्टर त्याला ‘हँड फूट माउथ’ म्हणतात. 2022 मध्ये केरळातून ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून ज्याच्या बातम्या आल्या, तोही बहुतेक याचाच एक प्रकार होता. कॉक्सॅकी आणि एन्टेरो या जातीचे विषाणू तो घडवून आणतात. गुराढोरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाशी याचा काही संबंध नाही. हातापायांवरचे फोड दिसायला भीतिदायक असतात, पण मुलाला त्यांचा फारसा त्रास होत नाही आणि ते आपोआप सुकतात. मूल हैराण होतं ते तोंडातल्या, विशेषतः टाळूच्या मागच्या मऊ भागावर, पडजिभेजवळ आणि टॉन्सिलच्या कडेला येणाऱ्या फोडांनी. ते आपल्याला सहज दिसत नाहीत. हात स्वच्छ आहेत आणि मूल नुसतंच रडतंय, म्हणून दात येत असतील अशी समजूत करून घेतलेली घरंही मी पाहिली आहेत.

तोंडातला फोड हातावरच्यासारखा टिकत नाही. तिथली त्वचा पातळ आणि सतत ओली असते, त्यामुळे फोड लवकर फुटतो आणि मागे उघडा, पिवळसर तळाचा, लाल कडेचा व्रण राहतो. व्रणाच्या तळाशी वेदना ओळखणाऱ्या नसांची टोकं उघडी पडतात. या टोकांची एक खुबी कळली, की मुलाला काय भरवायचं आणि काय नाही, याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं. उष्णता आणि मिरचीचा तिखटपणा या दोन्ही गोष्टी नसेवरचा एकच संवेदक टिपतो आणि आंबटपणानंही तोच चेतवला जातो. शिवाय सूज आली, की तो फार हळवा होतो. एरवी बऱ्यापैकी गरम पदार्थाला जो प्रतिसाद देईल, तो आता कोमटालाही देऊ लागतो. चटका बसलेल्या बोटावर साधं कोमट पाणी पडलं तरी आपण हात मागे घेतो, तसंच हे. आपल्याला ‘अगदी बेताची’ वाटणारी पेज मुलाला भाजल्यासारखी लागते. मीठ झोंबतं ते आणखी वेगळ्या कारणानं, पण झोंबतं हे नक्की.

म्हणूनच इथे आपल्या घरांतल्या एका पक्क्या समजुतीच्या विरुद्ध जावं लागतं. आजारी मुलाला गरम गरम द्यायचं, गार मुळीच नाही, हा नियम आजी मायेपोटीच सांगते. ‘गार देऊ नकोस गं, खोकला होईल.’ या आजारात मात्र गारच हवं. फ्रिजमधलं दूध, गार खीर, साधं दुधाचं आइस्क्रीम यांनी घसा थोडा वेळ बधिर होतो आणि तेवढ्या वेळात मूल चार चमचे गिळून घेतं. गारव्यानं विषाणू वाढत नाही की आजार लांबत नाही. आजीला हे समजावून सांगायला पाच मिनिटं द्यावीत, कारण दुपारी मुलाला भरवणारी बहुधा तीच असते.

आता एक उदाहरण धरू. दीड वर्षाची मुलगी, वजन 10 किलो. ताप उतरत आलाय, पण घशातल्या व्रणांचा आज दुसरा दिवस. सकाळपासून दोन घोट दूध आणि अर्धा घास भात एवढंच पोटात गेलंय. घरच्यांना चिंता खाण्याची आहे. मला चिंता वाटेल ती पाण्याची. दोन-तीन दिवस खाणं कमी झालं तर वजन थोडं उतरेल आणि आठ-पंधरा दिवसांत भरून येईल. पाणी मात्र दोन दिवस थांबू शकत नाही. एवढ्या वजनाच्या मुलाला दिवसभरात दूध, पाणी, पातळ अन्न सगळं धरून साधारण एक लिटर द्रव लागतो. ताप असेल तर थोडा जास्तच.

एक लिटर ऐकून धीर खचतो, कारण कप पुढे केला की मुलगी तोंड फिरवते. पण एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, दर पाच मिनिटांनी दिला तर तासाला 60 मिली होतात. जागेपणीच्या बारा तासांत 720. त्यात रात्रीचं अंगावरचं किंवा वरचं दूध धरलं, की गरज जवळजवळ भागते. कप संपवायचा आग्रह सोडून चमच्याचा नेम धरला, की मुलंही कमी भांडतात, कारण एक गार चमचा गिळून त्रास लवकर संपतो. बाटली शक्यतो बाजूला ठेवावी. चोखताना तोंडात ओढ निर्माण होते आणि मऊ टाळूला ताण बसतो. वाटी-चमचा किंवा बोंडलं अशा वेळी जास्त सोयीचं. काय द्यायचं, तर साधं पाणी, गार दूध, शहाळ्याचं पाणी आणि पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवून फ्रिजमध्ये गार केलेलं ओआरएस. नुसत्या पाण्यावर दिवस काढू नये.

भरवण्याआधी दुखणं कमी करायला हवं आणि इथे वेळ महत्त्वाची ठरते. डॉक्टरांनी दिलेलं पॅरासिटामॉल ताप नसला तरी दुखण्यासाठी चालतं. ते जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी दिलं, तर त्याचा गुण दिसतो नेमका भरवताना. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलीला 150 मिलिग्रॅम म्हणजे 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 3 मिली. पण घरात 125 वाली बाटली असेल तर तेच 3 मिली निम्मं औषध देतात, आणि थेंबांच्या बाटलीत (1 मिलीत 100 मिलिग्रॅम) तेच 3 मिली दुप्पट मात्रा होते. म्हणून ‘मागच्या वेळी तीन मिली दिलं होतं’ या आठवणीवर जाऊ नये, लेबल वाचावं आणि बाटली डॉक्टरांना दाखवून मात्रा पक्की करून घ्यावी. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना देऊ नये.

तोंड आलं की लावायचं बधिर करणारं जेल, दात येतानाचं जेल, टाकणखार-ग्लिसरीन किंवा टाकणखार-मध यांपैकी काहीही मी या वयात सुचवणार नाही. जेल घशापर्यंत पोचत नाही, पोचलं तर गिळण्याची जाणीव मंदावून ठसका लागू शकतो, आणि पोटात जाणारी मात्रा कोणाच्या हातात राहत नाही. टाकणखार पोटात गेला तर विषारी ठरतो, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच द्यायचा नाही.

खाण्याचं म्हणाल, तर मराठी स्वयंपाकघरात या आजाराला लागणारं सगळं आधीपासूनच आहे, फक्त त्यातलं काही वगळायचं. गुरगुट्या भात करा, चांगला घोटा, गार होऊ द्या, त्यात दूध किंवा साजूक तूप घाला. मेतकूट, लिंबू आणि मीठ या दिवसांत नको. तुपानं घास घशावरून सरकतो आणि थोडक्या खाण्यात ताकदही जास्त जाते. नाचणीसत्त्वाची दुधातली खीर, साबुदाण्याची मऊ खीर, रव्याची पातळ खीर, बिनमिठाचं खिमट, हे सगळं गार करून चालतं. दही घालायचं तर त्याच दिवशी विरजलेलं, गोड. आंबट दही आणि ताक झोंबतात. केळं पूर्ण पिकलेलं कुस्करून द्यावं. चिकू सोलून, बी काढून, दुधात घोटला तर बहुतेक मुलं घेतात. मोसंबी, संत्रं, टोमॅटोचं सार आणि आंबटगोड फळांचे रस आजार बरा होईपर्यंत राहू द्यावेत. ‘व्हिटॅमिन सी मिळेल’ म्हणून दिलेला मोसंबीचा रस घशाला लागून मूल पुढचे चार तास चमच्याकडेही बघत नाही. बिस्किट, टोस्ट, कुरमुरे, पोळीचा तुकडा यांच्या कडा व्रणावर घासतात. शिरा चिकट असला तर टाळूला धरून बसतो, तो दूध घालून सैल करावा.

अंगावर पिणारं बाळ छातीला लागून लगेच रडत सुटत असेल, तर आईला वाटतं दूधच कमी झालंय. तसं नसतं, चोखताना दुखतं. अशा वेळी दूध हातानं काढून, थोडं गार करून वाटी-चमच्यानं पाजावं. दर दोन-तीन तासांनी काढत राहिलं की दूध टिकतं, आणि बाळ बरं झालं की पुन्हा छातीला लागतं.

पाणी पुरेसं जातंय की नाही, हे ओळखायला तोंड पाहून उपयोग नाही. लाळ गळत असल्यामुळे ओठ ओले दिसतात आणि आपण फसतो. लघवी पाहावी. आजचे डायपर एवढे शोषून घेतात, की बाळानं किती केली ते कळत नाही, म्हणून या चार दिवसांसाठी कापडी लंगोट किंवा चड्डी बरी. सहा ते आठ तास लघवी झाली नाही, झाली ती गडद पिवळी आणि थोडी झाली, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल होऊन पडून राहतंय, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावं. तिथे शिरेतून एक-दोन बाटल्या सलाइन दिलं, की चित्र पालटतं. झोपेत अचानक दचकणं, हातापायांना झटके, तोल जाऊन चालणं, सारख्या उलट्या, जोरजोरात चालणारा श्वास, तीन दिवसांहून जास्त टिकलेला ताप यांचा घशाशी संबंध नाही. हा विषाणू मेंदूपर्यंत किंवा हृदयापर्यंत पोचल्याच्या त्या खुणा असू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर तासांचा हिशेब असतो.

बाकी बहुसंख्य मुलांत दुखणं पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जास्त असतं, मग कमी होत जातं. आठवडा-दहा दिवसांत व्रण भरून येतात. विषाणू मात्र शौचातून पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतो, त्यामुळे डायपर किंवा लंगोट बदलल्यावर हात साबणानं धुवायचे. या विषाणूवर सॅनिटायझर साबणाएवढा काम करत नाही. आजारी मुलाचा चमचा आणि पेला भावंडांपासून वेगळा ठेवायचा. महिना-दीड महिन्यानं एखादं नख मुळापासून सुटून आलं, तर घाबरू नका. खालून नवं नख आधीच येत असतं.