चिकटवलेल्या चेहऱ्याला उठाव देताना

फोटो स्टुडिओत एक मागणी नेहमीची: घरच्या समारंभाच्या फोटोत गेलेल्या आजोबांना बसवून द्या. हाताशी असतो तो त्यांचा पासपोर्ट फोटो. चेहरा नीट कापला, आकार आणि रंग जुळवला, तरी तो मुखवट्यासारखा सपाट दिसतो. पासपोर्ट फोटोत उजेड समोरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी, नाकाच्या बाजू भरून टाकतो. समारंभाच्या फोटोत मात्र समजा तो डाव्या खिडकीतून, थोडा वरून येतोय. तिथे प्रत्येकाच्या चेहऱ्याचा उजवा भाग सावलीत आहे; आजोबांचाच तेवढा नाही.

ही सावली हाताने भरावी लागते. फोटोशॉपमध्ये चेहऱ्याच्या लेयरवर नवा लेयर घेऊन त्याला Clipping Mask लावायचा, म्हणजे रंग चेहऱ्याबाहेर जात नाही. लेयरचा मोड Multiply ठेवायचा. काळा रंग घ्यायचा नाही. त्याने काजळी फासल्यासारखे दिसते. त्वचेच्या सावलीत तांबूस तपकिरी छटा असते, म्हणून शेजारी बसलेल्याच्या गालावरच्या सावलीतूनच रंग उचलायचा. ब्रश मऊ, Hardness 0 आणि Flow साधारण 5 ते 10 टक्के. एकेक हलका थर चढवत जायचे.

सुरुवात डोळ्यांपासून. सर्वांत गडद जागा भुवईखाली, नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या वर असते. तिथून पापणीकडे येताना सावली विरत जाते, कारण बुबुळामुळे पापणी पुढे आलेली असते आणि तिच्यावर उजेड पडतो. खोबण सरसकट गडद केली तर डोळ्याला मार लागल्यासारखा दिसतो. पांढऱ्या भागावरही वरच्या पापणीची बारीक सावली हवी, नाहीतर डोळे वटारलेले वाटतात. खिडकीपासून दूरचा, उजवा डोळा थोडा अधिक गडद ठेवायचा.

नाकाला मात्र दोन प्रकारची सावली लागते. उजवी बाजू उजेडापासून वळत जाते, म्हणून तिची सावली हळूहळू गडद होते. कड कुठेच दिसता कामा नये. नाकाने गालावर टाकलेली सावली वेगळी. ती नाकपुडीजवळ थोडी ठळक असते आणि दूर जाताना फिकट होते. दोन्ही सारख्याच मऊ ठेवल्या तर नाक गालावर उभे राहत नाही.

काम तपासायला फोटो अंगठ्याएवढा करून आणि कृष्णधवल करून पाहावा. त्यात आजोबांच्या खोबणी शेजाऱ्यांपेक्षा जास्त काळ्या दिसल्या, तर Opacity कमी करायची. मूळ फोटोत उजेड उलट बाजूने आला असेल तर चेहरा आडवा उलटवून पाहता येतो, पण तीळ आणि भांगही बाजू बदलतात, आणि घरचे लोक ते लगेच ओळखतात. मूळ फोटोत गडद सावलीच पडली असेल, तर तिच्यावर रंग भरून ती लपत नाही. त्यापेक्षा दुसरा फोटो मागावा.