तालुक्याचा निकाल ८८ टक्के की ८३?

दहावीचा निकाल जाहीर झाला की शाळाशाळांची टक्केवारी झळकू लागते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, तालुक्याचा निकाल किती? शाळांच्या टक्केवारीची बेरीज करून तिला शाळांच्या संख्येने भागले की उत्तर मिळाले, असे अनेकांना वाटते. हिशेब सोपा आहे, परंतु त्यातून मिळणारा आकडा बहुतेक वेळा चुकीचा असतो.

उदाहरणादाखल तीन शाळांचा एक काल्पनिक तालुका घेऊ. पहिल्या शाळेतून २०० विद्यार्थी बसले, १७० उत्तीर्ण झाले. निकाल ८५ टक्के. दुसरीतून १५० बसले, १२० उत्तीर्ण, ८० टक्के. तिसरी डोंगराळ भागातली लहानशी शाळा. तिथे दहाच विद्यार्थी आणि दहाही उत्तीर्ण, म्हणजे शंभर टक्के. तिन्ही टक्केवारींची सरासरी येते ८८.३३. आता टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजू. एकूण ३६० विद्यार्थी बसले आणि ३०० उत्तीर्ण झाले. तालुक्याचा निकाल ८३.३३ टक्के. पाच टक्क्यांची ही तफावत कोणाच्याही अभ्यासाने आलेली नाही. ती केवळ भागाकाराने आणली आहे.

हे का घडते? पहिल्या रीतीत प्रत्येक शाळेला एक मत मिळते. त्यामुळे लहान शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे वजन मोठ्या शाळेतल्या वीस विद्यार्थ्यांइतके होते. समजा, त्या लहान शाळेतले दोघे नापास झाले असते. शाळेचा निकाल ८० टक्क्यांवर येतो आणि तिन्हींची सरासरी ८८.३३ वरून थेट ८१.६७ वर कोसळते. प्रत्यक्षात ३६० पैकी २९८ जण उत्तीर्ण आहेत, म्हणजे निकाल ८२.७८ टक्के, घसरण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आधी फुगलेला आकडा आता खऱ्यापेक्षा कमी झाला. चूक नेहमी एकाच बाजूला झुकत नाही, म्हणून अंदाजाने काहीतरी वजा करून ती सुधारता येत नाही.

ती ओळखावी कशी? ८८ हा आकडा ८० आणि १०० यांच्या मधलाच असल्याने नुसत्या नजरेला खटकत नाही. उलटा हिशेब मात्र ती लगेच पकडतो. ३६० चे ८८.३३ टक्के म्हणजे ३१८ विद्यार्थी. उत्तीर्णांच्या यादीत तर ३०० च नावे आहेत. मग हे अठरा जण आले कुठून? संगणकावरच्या तक्त्यात `=AVERAGE(D2:D4)` हे सूत्र टक्केवारीच्या रकान्याला लावले की हीच चूक होते. उत्तीर्णांचा रकाना `C` आणि बसलेल्यांचा `B` असेल, तर `=SUM(C2:C4)/SUM(B2:B4)` हे सूत्र लागते. त्यासाठी अर्थात मूळ संख्या हाती हव्यात. नुसती टक्केवारी पाठवणाऱ्या पत्रकावरून तालुक्याचा निकाल काढताच येत नाही.

टक्केवारीबरोबर प्रत्येक शाळेची विद्यार्थिसंख्या मिळाली, तर टक्केवारीला तिने गुणून बेरीज करावी आणि एकूण विद्यार्थ्यांनी भागावे. मात्र वजन कशाचे द्यायचे, हे ठरवताना जाणकारही फसतात. गोव्याच्या लोकसंख्येची घनता घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर गोव्यात दर चौरस किलोमीटरला ४७१ माणसे, तर दक्षिण गोव्यात ३२६. दोहोंची साधी सरासरी ३९८.५ येते. घनता माणसांची असते, तेव्हा लोकसंख्येचे वजन द्यावे असे वाटते. पण तसे केल्यास उत्तर ४०७ येते, म्हणजे आणखी दूर जाते. घनतेत भागणारी संख्या क्षेत्रफळाची आहे. उत्तरेचे १,७३६ आणि दक्षिणेचे १,९६६ चौरस किलोमीटर हे वजन दिले की ३९४ हा आकडा मिळतो, आणि १४,५८,५४५ लोकसंख्येला ३,७०२ चौरस किलोमीटरने भागले तरी तोच येतो. थोडक्यात, ज्या संख्येने भागून दर काढला, तिचेच वजन द्यायचे.

सर्व शाळांची विद्यार्थिसंख्या सारखी असेल, तर दोन्ही रीतींचे उत्तर एकच येते. शिवाय साधी सरासरी सर्वस्वी निरुपयोगीही नाही. ‘तालुक्यातली शाळा सरासरी किती निकाल लावते?’ असा प्रश्न असेल, तर ८८.३३ हे त्याचे बिनचूक उत्तर आहे, कारण तिथे मोजदाद शाळांची आहे. तोच आकडा ‘तालुक्यातले ८८ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण’ अशा मथळ्याखाली छापला की खोटा ठरतो.